जनरेटर किती केव्हीएचा? तीस खाटांच्या रुग्णालयाचा हिशेब

रुग्णालयाला जनरेटर घ्यायचा ठरला की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा घ्यायचा?" मग कोणीतरी सगळ्या उपकरणांची बेरीज मांडतो, दुसरा म्हणतो, "पुढचा विचार करून थोडा मोठाच घेऊ," आणि कागदावर १२५ किंवा १६० चा आकडा पडतो. वीसेक वर्षे मी असे कागद तपासतो आहे. बेरीज चुकलेली मला फारशी कधी सापडली नाही. चूक असते ती बेरजेनेच उत्तर मिळते असे धरण्यात.

हिशेबासाठी धर्मापुरी डोळ्यांपुढे ठेवू. परळी तालुक्यातले, केदारेश्वराच्या जुन्या देवळामुळे आणि किल्ल्यामुळे माहीत असलेले हे गाव. औष्णिक वीज केंद्र याच तालुक्यात, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तशी गत: परळीची वीज उच्चदाबाच्या वाहिन्यांनी राज्यभर जाते आणि गावाला ती येते ११ केव्हीच्या फीडरवरून, शेतांतून आलेल्या खांबांवरून. मे-जूनच्या वादळात एक खांब आडवा झाला की वीज केंद्र शेजारी असल्याचा काही उपयोग नसतो. शिवाय त्या केंद्राचाही भरवसा धरता येत नाही. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले होते. गंभीर रुग्ण पुढे पाठवायचा तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ इथल्याच विजेवर काढायचा असतो.

अशा गावात ३० खाटांचे, तळमजल्याचे, लिफ्ट नसलेले रुग्णालय आहे असे धरू. खरे कुठले नाही, हिशेबापुरते. एक शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष, नवजात बाळांसाठी दोन वॉर्मर, लसींचे आणि रक्ताचे फ्रिज, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, बोअरची मोटर, आणि कोविडनंतर ठिकठिकाणी आले तसे हवेतून ऑक्सिजन काढणारे छोटे संयंत्र, मिनिटाला २०० लिटरचे.

आधी बेरीज करून टाकू. दिवे, पंखे, प्लग मिळून प्रत्यक्ष चालू भार ८ किलोवॅट. शस्त्रक्रियागृह, वॉर्मर, मॉनिटर यांचे ५. फ्रिज आणि प्रयोगशाळा ३. चार एसी मिळून ७. ऑटोक्लेव्ह ६. बोअरची ५ एचपीची मोटर ५. ऑक्सिजनच्या कॉम्प्रेसरची २० एचपीची मोटर १७. सगळे एकदम चालले तर ५१ किलोवॅट, म्हणजे ०.८५ पॉवर फॅक्टरने ६० केव्हीए. विक्रेता म्हणेल, ६२.५ चा संच बसतो. केव्हीएत बसतोही. पण ६२.५ केव्हीएचा संच म्हणजे ५० किलोवॅटचे इंजिन, आणि आपल्याला लागतात ५१. अल्टरनेटर केव्हीए देतो, इंजिन किलोवॅट देते, आणि जनरेटर या दोघांच्या जोडीने चालतो. ही गोष्ट पुढे सारखी लागणार आहे.

आता खरी अडचण. मोटर थेट लाइनवर टाकली, ज्याला आपण डीओएल म्हणतो, तर पहिले काही सेकंद ती पूर्ण भाराच्या सहापट, कधी त्याहून जास्त करंट ओढते. २० एचपीच्या मोटरचा चालू करंट २८ अँपिअरच्या आसपास. सहापट म्हणजे १६८ अँपिअर, ४१५ व्होल्टला १२१ केव्हीए. अख्ख्या रुग्णालयाचा चालू भार ६० केव्हीए आणि एकट्या कॉम्प्रेसरची उडी १२१! महावितरणच्या रोहित्रामागे सगळे जाळे उभे असते म्हणून तिथे ही उडी जाणवत नाही. जनरेटरमागे फक्त त्याचे स्वतःचे इंजिन असते.

उडीने व्होल्टेज किती बसेल याचा कच्चा अंदाज हातानेही निघतो. अल्टरनेटरच्या माहितीपत्रकात त्याची क्षणिक रिअॅक्टन्स दिलेली असते, या आकारात साधारण ०.१५ ते ०.२५. आपण ०.२ घेऊ. उडीच्या केव्हीएला अल्टरनेटरच्या केव्हीएने भागायचे आणि ०.२ ने गुणायचे. येणाऱ्या आकड्याला त्याच आकड्यात एक मिळवून भागले की व्होल्टेज कितव्या हिश्श्याने पडेल ते कळते. ८२.५ केव्हीएच्या संचावर १२१ ची उडी म्हणजे १.४७, गुणिले ०.२ म्हणजे ०.२९, भागिले १.२९. उत्तर जवळजवळ २३ टक्के. ४१५ चे व्होल्टेज ३२० वर येते. १२५ केव्हीएचा संच घेतला तर तीच घसरण १६ टक्के, म्हणजे सुमारे ३४८ व्होल्ट.

घसरण क्षणभराचीच असते, रेग्युलेटर लगेच सावरायला लागतो, पण तेवढ्यात बरेच काही होऊन जाते. कॉन्टॅक्टरने ८५ टक्के व्होल्टेजपर्यंत पकड ठेवावी अशी अपेक्षा असते. त्याखाली तो कुठे सुटेल हे त्याच्या वयावर आणि गुंडाळीवर अवलंबून. २३ टक्के घसरणीत एसीचे कॉन्टॅक्टर खडखडतात, यूपीएस बॅटरीवर जातात, फ्रिजचा कॉम्प्रेसर अडखळतो. एका रुग्णालयातला वायरमन मला म्हणाला होता, "साहेब, तिकडं कॉम्प्रेसर उचलला की अख्खं हॉस्पिटल डोळा मारतंय." दुखण्याचे निदान त्याने एका वाक्यात केले होते. दिवे एकदाच मिचकले तर ती मोटरची उडी. सहा-आठ सेकंदांनी दुसऱ्यांदा मिचकले तर स्टार-डेल्टा स्टार्टरचा टायमर कमी ठेवलाय, मोटर वेगात यायच्या आत ती डेल्टात टाकली जाते आहे.

स्टार-डेल्टाने उडी एक तृतीयांशावर येते. १२१ चे ४० केव्हीए होतात आणि ८२.५ च्याच संचावर घसरण ९ टक्क्यांच्या आत राहते, म्हणजे ३७८ व्होल्टच्या आसपास. डीओएल ठेवून १२५ चा संच घेतला असता तर १६ टक्के घसरण सोसावी लागली असती. एका स्टार्टरने जे साधते ते संच दीडपट करूनही साधत नाही. स्टार-डेल्टात सुरुवातीचा पीळही एक तृतीयांशच मिळतो. पण स्क्रू कॉम्प्रेसर रिकामा सुरू होऊन मग हवा भरू लागतो, त्यामुळे त्याला हे चालते. रिकामा होणारा व्हॉल्व्ह अडकला तर मात्र तो स्टारमध्ये नुसता गुरगुरत राहतो. इलेक्ट्रॉनिक सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी आणखी सौम्य, महाग, आणि त्यांच्यासाठी अल्टरनेटरला हार्मोनिक्सचा वेगळा विचार करावा लागतो. एवढ्या रुग्णालयाला मी स्टार-डेल्टावर थांबेन.

इथवर परीक्षा अल्टरनेटरची झाली. इंजिनची वेगळी. सुरू होताना मोटरचा पॉवर फॅक्टर फार खालचा असतो, ०.३५ च्या आसपास. म्हणजे १२१ केव्हीएच्या उडीत खरे किलोवॅट ४२. बाकीचा ३४ किलोवॅट भार आधीच चालू असेल तर एकूण ७६, आणि ८२.५ केव्हीएच्या संचाचे इंजिन ६६ चे. वेग पडतो, फ्रिक्वेन्सी खाली येते, धूर काळा होतो. स्टार-डेल्टात तोच आकडा ३४ आणि १४ मिळून ४८. इंजिन हे सहज पेलते. रुग्णालयात दिवे मंद होताना इंजिनचा आवाजही बसत असेल तर अडचण इंजिनची, आवाज तसाच राहून फक्त दिवे मंद होत असतील तर अल्टरनेटरची. वायरमनला हे मीटरशिवाय ओळखता येते.

एक्स-रेचे थोडक्यात. त्याचा फटका सेकंदाच्या अंशाचा, पण मोठा. त्याच क्षणी कॉम्प्रेसर उचलला तर फिल्म फिकट येते आणि दोष तंत्रज्ञाच्या माथी जातो. दोन्ही एकदम होऊ नयेत एवढे इंटरलॉक पुरते. ऑटोक्लेव्हला उडीच नाही, ती नुसती हीटरची कॉइल.

मोटरच्या उडीइतकीच घातक उडी म्हणजे सगळे भार एकदम अंगावर येणे, आणि ती लोक मोजतच नाहीत. लाइट जाते, पॅनेल दोन-तीन सेकंद वाट पाहते, इंजिन फिरवते, व्होल्टेज स्थिरावले की चेंजओव्हर होतो. दहा-पंधरा सेकंदांत हे होते. त्या घटकेला एसी, बोअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह सगळे 'चालू' स्थितीतच लाइन येण्याची वाट पाहत असतात. मग कागदावर एकेक करून तपासलेल्या उड्या प्रत्यक्षात एकत्र बसतात आणि संच पहिल्याच घोटाला थांबतो. उपाय साधा आहे: टाइम-डिले रिले. आधी वॉर्मर, दिवे, फ्रिज. वीस सेकंदांनी बोअर. मग एसी. मिनिट-दीड मिनिटाने कॉम्प्रेसर. मधल्या दहा-पंधरा सेकंदांचा अंधार जनरेटरने भरून निघत नाही, कितीही मोठा घ्या. तो यूपीएसने भरायचा, आणि यूपीएस अर्धा तास टिकेल असा घ्यायचा. संच पहिल्या फेरीत सुरू झाला नाही तर माणसाला तिथवर जायला तेवढा वेळ लागतोच.

आता पाटीवरच्या आकड्याकडे. एकाच इंजिनला दोन आकडे लावता येतात आणि व्यवहारात फसगत इथेच होते. आयएसओ ८५२८ या मानकात 'इमर्जन्सी स्टँडबाय' म्हणजे वर्षाला २०० तासांपर्यंत, आणि तेही चोवीस तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आत ठेवून. 'प्राइम' म्हणजे तासांना मर्यादा नाही, भार कमीजास्त होणारा, सरासरी ७० टक्के, आणि अधूनमधून दहा टक्के जादा भार चालतो. रुग्णालयात जनरेटर राखीवच असतो, म्हणून निविदेत सर्रास 'स्टँडबाय' लिहिले जाते. शब्द बरोबर, अर्थ चुकीचा. दिवसाला सरासरी ४० मिनिटे लाइट गेली तरी वर्षाचे २४३ तास होतात. दोन तास धरले तर ७३०. ज्या शहरात वर्षातून चार वेळा वीज जाते त्याच्यासाठी केलेली व्याख्या मराठवाड्यातल्या फीडरला लागू पडत नाही. इथे प्राइमचाच आकडा धरायचा. उन्हाचीही गोष्ट आहे. संचाचे आकडे बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी दिलेले असतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, रेडिएटरची गरम हवा परत आत फिरत असेल तर, इंजिनाला मिळणारी हवा त्याच्या कितीतरी वर जाते. गरम हवा सरळ बाहेर टाकणारा डक्ट बसवला तर त्यासाठी मोठा संच घ्यावा लागत नाही.

मग 'थोडा मोठाच घेऊ' यात काय बिघडते? बिघडते ते रात्री. रात्री एसी बंद, ऑटोक्लेव्ह बंद, ऑक्सिजनचा कोणी रुग्ण नसेल तर कॉम्प्रेसर बंद. भार उरतो १० ते १२ किलोवॅट. १२५ केव्हीएचे १०० किलोवॅटचे इंजिन त्यावर दहा-बारा टक्क्यांनी चालते. इतक्या कमी भारावर सिलिंडर पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, अर्धवट जळालेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. एका रुग्णालयात १६० चा संच असा चार वर्षे चालवलेला पाहिला आहे. एक्झॉस्टच्या जोडातून काळे तेल ओघळून भिंतीवर उतरले होते, आणि ज्या रात्री खरोखर शस्त्रक्रिया चालू होती त्या रात्री पूर्ण भार टाकताच तो धूर ओकून बसला. नवा होता तेव्हा सगळ्यांना 'पुढचा विचार' केल्याचे समाधान होते.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या संचांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी ४+ निकष लागू झाल्यावर हे दुखणे वाढले आहे. आपल्या आकाराच्या संचात एक्झॉस्ट स्वच्छ करणारी यंत्रणा बहुधा येते, तिला युरियाचे द्रावण, डीईएफ, लागते, आणि तिचे काम एक्झॉस्ट गरम असण्यावर चालते. थंड एक्झॉस्टवर ती रुसते. डीईएफ संपल्यावर संच काय करतो, नुसता इशारा देतो, ताकद कमी करतो की थांबतो, हे खरेदीआधी कंपनीकडून लेखी घ्या. रुग्णालयाला याचे उत्तर तोंडी चालत नाही.

म्हणून या रुग्णालयाला मी १२५ चा एक संच घेणार नाही. ८२.५ केव्हीए प्राइमचा एक आणि २५ केव्हीएचा एक धाकटा, असे दोन घेईन. दिवसा सगळा भार आला तर मोठा संच ५१ किलोवॅटवर, म्हणजे ७७ टक्क्यांवर जातो. नेहमीच्या दिवशी तीस-पस्तीस किलोवॅट, निम्म्याच्या आसपास, म्हणजे इंजिनाला मानवणारा भार. रात्रीचे १० किलोवॅट धाकट्याच्या निम्म्या ताकदीवर चालतात. आणि मोठा बंद पडला तर वॉर्मर, शस्त्रक्रियागृहाचा दिवा, फ्रिज धाकट्यावर चालू राहतात. एकाच मोठ्या संचाने ही सोय कधीच मिळाली नसती. धाकट्यावर बोअर मात्र लावायची नाही. ५ एचपीची मोटर थेट टाकली तर तिथेही २१ टक्के घसरण येते. वरची टाकी भरलेली ठेवली की रात्री बोअर लागतच नाही.

दर आठवड्याला रिकामा संच पाच मिनिटे घुरघुरवून 'ट्रायल घेतली' अशी नोंद करण्याची पद्धत आहे. त्यातून फक्त स्टार्टर फिरतो एवढेच कळते. अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात महिन्यातून एकदा, अर्धा तास, निदान ३० टक्के भारावर अशी चाचणी सांगितली आहे. आपल्या मोठ्या संचाला ते २० किलोवॅट. एसी आणि ऑटोक्लेव्ह लावून सहज होते. संच सुरू न होण्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसते, ते बॅटरीत असते. उकाड्यात लेड-अॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. बंद संचावर ती १२ व्होल्ट दाखवते म्हणून फसू नका, इंजिन फिरवताना ती किती दाखवते ते पाहा.

डिझेल किती साठवायचे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे आकड्यापेक्षा त्यामागचे गृहीत महत्त्वाचे. मी गृहीत धरतो ४८ तास. वादळात लाइनचे खांब पडले तर दुरुस्तीला एक दिवस पुरत नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्या-नाल्यांनी रस्ते अडवले तेव्हा पेट्रोल पंपापर्यंत पोहोचणेच कठीण झालेली गावे होती.

नेहमीचा दिवस असा: दिवसाचे १४ तास सरासरी ३५ किलोवॅट, मोठा संच तासाला दहा लिटर पितो, म्हणजे १४० लिटर. रात्रीचे १० तास धाकट्यावर, तासाला सव्वाचार लिटर, ४२. दिवसाला १८५ च्या आत, दोन दिवसांना ३७०. पण वॉर्डात ऑक्सिजनवरचे रुग्ण असले आणि कॉम्प्रेसर अहोरात्र चालला तर सरासरी ४५ किलोवॅट चोवीस तास लागतात आणि खर्च दिवसाला ३०० लिटरवर जातो. दोन दिवसांना ६००. ३७० आणि ६०० यांतला फरक रुग्ण ठरवतात, इंजिन नाही. म्हणून टिपणात 'साठा ४८ तासांचा' एवढेच लिहून चालत नाही. कॉम्प्रेसर चालू धरून की बंद धरून, हे लिहावे लागते. संयंत्र तासभर पूर्ण चालवले तर सुमारे पाच लिटर डिझेलमध्ये १२ घनमीटर ऑक्सिजन मिळतो, म्हणजे ७ घनमीटरच्या दोन जम्बो सिलिंडरपेक्षा कमी. एक-दोनच रुग्ण असतील तर सिलिंडर वापरून डिझेल वाचवणे शहाणपणाचे.

मी ६०० धरीन. टाक्यांच्या तळचे डिझेल उपसता येत नाही, त्यासाठी दहा टक्के, म्हणजे ६६० लिटर. मोठ्या संचाच्या पोटात दीडेकशे लिटर आणि धाकट्याच्या साठेक बसतात असे धरले तर बाहेर २०० लिटरचे तीन ड्रम पुरतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येते. एका ठिकाणी २५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नाही, एवढ्यात परवाना लागत नाही. आपण त्याच्या बरेच आत आहोत. पण परवाना नाही म्हणजे काळजी नाही असे नव्हे. डिझेलचा फ्लॅश पॉइंट निदान ३५ अंश असावा एवढीच अट आहे, आणि इथला मे महिना सावलीतही त्याच्या वर जातो. ड्रम सावलीत, हवेशीर खोलीत, संचापासून वेगळे, आणि एक ड्रम फुटला तरी तेल बाहेर जाणार नाही एवढ्या बुटक्या कठड्यात हवेत. डिझेल वर्षभर तसेच पडू देऊ नये. तळाशी पाणी साचते, शेवाळासारखा चिकटा धरतो आणि तोच फिल्टरमध्ये अडकतो. जुना ड्रम आधी वापरायचा, मासिक चाचणीचे डिझेल त्यातूनच घ्यायचे.

साठा असून उपयोग नाही याचे सगळ्यांत मोठे उदाहरण न्यूयॉर्कचे. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात बेलेव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर कोरडे होते, डिझेलही होते, पण ते वर चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघर पाण्याने भरले. कर्मचाऱ्यांनी रांग लावून हातोहात डिझेल जिन्याने वर पोहोचवले आणि शेवटी रुग्णालय रिकामे करावेच लागले.

आपल्याकडे अडायला पंप बुडावा लागत नाही, किल्ली पुरते. एका ठिकाणी रात्री दोन वाजता टाकी संपली, ड्रम भरलेले होते आणि खोलीची किल्ली भांडारपालाच्या घरी, आठ किलोमीटरवर. ड्रमच्या खोलीची एक किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे ठेवा, आणि हातपंप, नळी व गाळणी त्याच खोलीत टांगून ठेवा.